एका शीटची दोन टोकं आणि तीन गाठी

होडीवरच्या तीन गाठींच्या चित्रांचा हा फोटो जरा तिरका आलाय, कोपऱ्यात ट्यूबलाइट पण चमकतेय, पण गाठी दिसतायत. आधी एवढंच बघा, दोराची रेष जिथे तुटल्यासारखी दिसते तिथे तो दोर खालून गेलाय, जिथे अखंड आहे तिथे वरून. हे नाही बघितलं तर गाठ चित्रासारखी दिसते आणि ओढली की सुटते.

पहिली बोलाइन. होडीच्या पुढच्या शिडाला, म्हणजे जिबला, ओढून धरायला जो दोर बांधतात त्याला शीट म्हणतात (हो, शीट म्हणजे दोर, कापड नाही, सगळे इथेच फसतात) आणि तो जिबच्या मागच्या खालच्या कोपऱ्याला बहुतेक बोलाइनने बांधतात. पहिल्या चित्रात दोराला छोटा वेढा दिलाय, टोकाकडची बाजू वर, लांब दोराची बाजू खाली. हे सशाचं बीळ, आणि लांब दोर म्हणजे झाड. आता टोक शिडाच्या रिंगमधून काढून आणायचं, ससा बिळातून खालून वर येतो, झाडाच्या मागून फिरतो, परत त्याच बिळात उतरतो. मग टोक आणि झाड दोन्ही बाजूंनी ओढून आवळायचं. वेढा उलटा पडला, म्हणजे टोक खाली राहिलं, तर ओढल्यावर सगळं विस्कटतं, तेव्हा न चिडता वेढ्यापासून परत सुरू करा.

हा फास सरकत नाही, आणि कितीही ताण येऊन गेला तरी नंतर झाडामागचा वेढा अंगठ्याने मागे ढकलला की सुटतो, निरगाठीसारखं दातांनी सोडवायची वेळ येत नाही. पण दोर ताणलेला असताना मात्र ही गाठ सुटत नाही, आणि शीड फडफडत राहिलं, दोर कडक आणि गुळगुळीत असला, तर हळूहळू सैल होते. म्हणून टोक दोराच्या जाडीच्या दहा-बारा पट तरी लांब ठेवा, 8 मिलिमीटरचा दोर असेल तर जवळपास चार बोटं.

आता त्याच शीटचं दुसरं टोक. ते पुलीतून येतं, आणि हातातून सुटलं तर पुलीतून निघून जाईल आणि जिब वाऱ्यावर फडफडत बसेल. म्हणून तिथे इंग्रजी आठच्या आकाराची गाठ. टोक लांब दोरावरून न्यायचं, मागून फिरवून पहिल्या वेढ्यात घालायचं, झालं. साधी गाठ पण अडवते, पण ताण आला की ती अशी बसते की सुटता सुटत नाही.

शेवटची क्लोव्ह हिच, धक्क्याला लागताना फेंडर, म्हणजे होडी घासू नये म्हणून बाजूला सोडायची उशी, रेलिंगला टांगायला. रेलिंगभोवती एक फेरा, स्वतःवरून तिरका ओलांडून दुसरा फेरा, आणि टोक त्या तिरक्या दोराखालून बाहेर. उंची पटकन कमीजास्त करता येते. पण फेंडर हलत राहिला की ही सरकते, म्हणून वर एक अर्धी गाठ मारा, आणि होडी कधीच नुसत्या क्लोव्ह हिचवर बांधून जेवायला जाऊ नका.