एक IST, तीन देश: वेळापत्रकातली तीन अक्षरे

‘गुरुवार, १२ जून २०२५, दुपारी ४ वाजता IST’ असा मजकूर असलेले बैठकीचे निमंत्रण पुणे, डब्लिन आणि हैफा या तीन शहरांत एकाच वेळी पोहोचले आहे, असे आपण धरून चालू. पुण्यातला माणूस ही भारतीय प्रमाणवेळ समजेल. डब्लिनमधला माणूस ती आयर्लंडची वेळ समजेल, कारण उन्हाळ्यात तिथल्या घड्याळाच्या वेळेला हाच संक्षेप लावला जातो. हैफामधल्या माणसाला ती इस्राएलची प्रमाणवेळ वाटेल, कारण तिचाही संक्षेप IST हाच आहे. तिघांनीही निमंत्रण नीट वाचलेले आहे, तिघांचाही अर्थ आपापल्या जागी रास्त आहे, आणि तरीही ते तिघे एकमेकांना भेटणार नाहीत.

ते किती अंतराने चुकामूक करतील, हे प्रत्यक्ष मोजून पाहू. भारतीय प्रमाणवेळ जागतिक समन्वित वेळेच्या, म्हणजे यूटीसीच्या, साडेपाच तास पुढे आहे. तेव्हा पुण्याचे चार म्हणजे यूटीसीप्रमाणे सकाळचे साडेदहा. आयर्लंडची उन्हाळी वेळ यूटीसीच्या एक तास पुढे असते, म्हणून डब्लिनचे चार वाजतात तेव्हा पुण्यात रात्रीचे साडेआठ झालेले असतात. इस्राएलची प्रमाणवेळ दोन तास पुढे आहे, आणि त्या हिशेबाने चार म्हणजे पुण्यातले संध्याकाळचे साडेसात. पण इथे आणखी एक गाठ आहे. जूनमध्ये इस्राएलमध्ये उन्हाळी वेळ चालू असते, तिचा संक्षेप IDT आहे आणि ती यूटीसीच्या तीन तास पुढे असते. हैफामधला माणूस अक्षरांकडे न पाहता भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहून चार वाजता हजर झाला, तर पुण्यात तेव्हा साडेसहा वाजलेले असतील. म्हणजे एका ओळीतून पुण्याच्या घड्याळावर चार, साडेसहा, साडेसात आणि साडेआठ असे चार वेगवेगळे क्षण निघाले.

हे असे का झाले, याचे उत्तर इतिहासात आहे. प्रत्येक देशाने आपली वेळ आपल्या कायद्याने किंवा आदेशाने ठरवली, तिला आपल्यापुरते इंग्रजी नाव दिले आणि त्या नावाची आद्याक्षरे घेतली. भारतात १ जानेवारी १९०६ पासून साडेपाच तासांची प्रमाणवेळ आली. मुंबईने मात्र ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटे पुढे असलेली आपली स्वतंत्र वेळ साधारण १९५५ पर्यंत चालू ठेवली, आणि तोवर देशाच्या व शहराच्या घड्याळांत ३९ मिनिटांचा फरक राहिला. आयर्लंडने १९६८ च्या कायद्याने ग्रिनिचच्या एक तास पुढची वेळ हीच आपली प्रमाणवेळ ठरवली. मग १९७१ च्या दुरुस्तीने हिवाळ्यापुरते घड्याळ पुन्हा एक तास मागे घेण्याची सोय केली. त्यामुळे आयर्लंडमध्ये कायद्याच्या दृष्टीने उन्हाळ्यातली वेळ ही प्रमाणवेळ आणि हिवाळ्यातली वेळ हा अपवाद आहे. इतरत्र बहुधा याच्या उलट असते. या देशांपैकी कोणीही आपली अक्षरे निवडताना दुसऱ्याला विचारले नाही, आणि विचारण्याचे कारणही नव्हते, कारण असे संक्षेप कोणाला एकालाच मिळावेत यासाठी त्यांची नोंदणी करणारी जागतिक यंत्रणाच नाही.

IST हे एकटे उदाहरण नाही. CST ही अक्षरे शिकागोत यूटीसीच्या सहा तास मागची वेळ दाखवतात, हवानात पाच तास मागची, आणि शांघायमध्ये आठ तास पुढची. शिकागो आणि शांघाय यांच्यातला हा फरक चौदा तासांचा असल्याने चुकीच्या वाचनाने अनेकदा तारीखही बदलते. BST म्हणजे ब्रिटनची उन्हाळी वेळ आणि बांगलादेशची प्रमाणवेळही.

आता माणसांकडून संगणकाकडे वळू, कारण तिथे हा धोका अधिक गंभीर होतो. माणसाला शंका आली तर तो विचारतो. संगणकाच्या प्रणालीत मात्र कोणीतरी कधीतरी एक अर्थ निवडून ठेवलेला असतो आणि ती तोच अर्थ निमूटपणे लावते. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये संक्षेपांचे अर्थ एका तक्त्यात दिलेले असतात, आणि त्याच्या मूळ तक्त्यात IST म्हणजे इस्राएलची प्रमाणवेळ आहे. खालच्या ओळी चालवून पाहाव्यात.

```
SET timezone = 'UTC';
SELECT '2025-06-12 16:00 IST'::timestamptz;
-- 2025-06-12 14:00:00+00
```

पुण्याचे चार अभिप्रेत असतील तर उत्तर 10:30 यायला हवे होते, आणि आले आहे 14:00. कोणतीही चूक दाखवली गेली नाही, कोणतीही सूचना आली नाही. भारतीय वापरासाठी पोस्टग्रेसबरोबर India नावाचा वेगळा तक्ता मिळतो आणि `SET timezone_abbreviations = 'India';` असे सांगितले की IST चा अर्थ साडेपाच तास होतो. पण याचा अर्थ असा की एकाच ओळीचा अर्थ सर्व्हरच्या मांडणीवर अवलंबून राहिला, आणि ही मांडणी डेटाबरोबर प्रवास करत नाही. डेटा दुसऱ्या सर्व्हरवर उतरवला की अर्थ बदलू शकतो.

जावा या प्रोग्रॅमिंग भाषेने निवड वेगळी केलेली आहे. तिथे `TimeZone.getTimeZone("IST")` भारताची वेळ देते, पण "BST" दिले तर लंडन न मिळता ढाका मिळते, तर पोस्टग्रेसच्या मूळ तक्त्यात BST म्हणजे ब्रिटनची उन्हाळी वेळ आहे. या दोन प्रणाली एकमेकींशी वेळेची देवाणघेवाण अक्षरांतून करू लागल्या तर पाच तासांची तफावत पडेल. जावातल्या याच पद्धतीला अनोळखी नाव दिले तर ती तक्रार न करता ग्रिनिचची वेळ परत करते. ईमेलच्या शीर्षभागाचा २००१ चा नियमही याच वळणाचा आहे. अमेरिकेतल्या मोजक्या संक्षेपांपलीकडचे, अर्थ ठाऊक नसलेले संक्षेप आढळले तर यूटीसीपासूनचा फरक शून्य मानावा, असे तो सुचवतो.

या सगळ्यातून तपासणीसाठी एक उपयुक्त गोष्ट हाती येते, आणि ज्यांना प्रत्यक्ष नोंदी सांभाळायच्या आहेत त्यांनी ती अवश्य लक्षात ठेवावी. चुकलेल्या वेळेतला फरक मोजला की चूक कुठे झाली हे बरेचदा कळते. भारतीय नोंद बरोबर साडेतीन तास उशिराची दिसत असेल, तर कुठेतरी IST चा अर्थ इस्राएलची प्रमाणवेळ असा लागला आहे. फरक अडीच तासांचा असेल, तर इस्राएलची उन्हाळी वेळ धरली गेली आहे. साडेचार तासांचा असेल, तर आयर्लंड. आणि बरोबर साडेपाच तासांचा फरक असेल, तर अक्षरे कोणी वाचलीच नाहीत, आकडे थेट यूटीसी म्हणून घेतले गेले. जगातल्या बहुतेक प्रमाणवेळा यूटीसीपासून पूर्ण तासांच्या अंतराने ठरलेल्या आहेत आणि आपली अर्ध्या तासाची आहे. तिच्यामुळेच आपल्या बाबतीत ही खूण इतकी स्पष्ट उमटते.

दुसरा धोका ऋतूंचा आहे आणि तो अक्षरांचा अर्थ एकच असला तरी टळत नाही. न्यूयॉर्कहून जुलैमध्ये ‘सकाळी ९ EST’ असे लिहून येते. EST ही तिथली हिवाळ्यातली वेळ आहे, यूटीसीच्या पाच तास मागची. जुलैमध्ये तिथे EDT चालू असते, ती चार तास मागे असते. अक्षरांना धरून चालले तर आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात होतात, आणि लिहिणाऱ्याच्या मनात असतात साडेसहा. इथे माझे मत स्पष्ट आहे की लिहिणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. रोजच्या बोलण्यात लोक ‘पूर्वेकडची वेळ’ एवढेच म्हणत असतात आणि मधले अक्षर सवयीने पडते. पण संगणक ते अक्षर वाचतो.

मग लिहावे काय? टाइम झोनचा जो सामाईक डेटाबेस बहुतेक संगणक आणि फोन वापरतात, त्यात ठिकाणांची नावे असतात, उदाहरणार्थ `Asia/Kolkata`, `Europe/Dublin`, `Asia/Jerusalem`. एखाद्या ठिकाणाचे नाव आणि एक क्षण दिला की हा डेटाबेस यूटीसीपासूनचा फरक सांगतो आणि पडद्यावर दाखवायचा संक्षेपही सांगतो. हा रस्ता एकेरी आहे. ठिकाणावरून संक्षेप मिळतो, पण संक्षेपावरून ठिकाणाकडे परतण्याची हमी कोणीही दिलेली नाही.

एकदाच घडणाऱ्या किंवा घडून गेलेल्या गोष्टीसाठी यूटीसीपासूनचा फरक लिहिणे पुरेसे आहे: `2025-06-12T16:00+05:30`. दर आठवड्याच्या बैठकीसाठी मात्र ते पुरत नाही. समजा, डब्लिनच्या दुपारी दोनला दर गुरुवारी बैठक आहे, जूनमध्ये ती पुण्यात संध्याकाळी साडेसहाला पडते. २६ ऑक्टोबर २०२५ रोजी डब्लिनचे घड्याळ एक तास मागे जाते. बैठक डब्लिनच्या घड्याळाला बांधलेली असेल, तर त्यानंतर ती पुण्यात साडेसातला येईल. पुण्याच्या घड्याळाला बांधलेली असेल, तर पुण्यात साडेसहाच राहील आणि डब्लिनमध्ये एक वाजता होईल. नोंदीत `+01:00` लिहून ठेवले असेल, तर डब्लिनची बैठकही नकळत एक वाजता सरकेल. म्हणून अशा बैठकीसाठी स्थानिक वेळ आणि ठिकाणाचे नाव साठवावे, आणि घड्याळ कोणत्या शहराचे धरायचे हे आधी माणसांनी आपसात ठरवावे. आपल्याकडे उन्हाळी वेळ नसल्याने `+05:30` आणि `Asia/Kolkata` यांतला फरक एरवी जाणवत नाही, आणि त्यामुळेच इथे तयार झालेल्या वेळापत्रकांत ही चूक परदेशी सहकारी जोडले जाईपर्यंत दडून राहते.

निमंत्रणाच्या मजकुरात शहरे लिहावीत: ‘गुरुवार, १२ जून, पुण्यात दुपारी ४, डब्लिनमध्ये सकाळी ११.३०, हैफात दुपारी १.३०’. ओळ लांबते, पण तीन आकडे एकमेकांना ताडून पाहता येतात आणि त्यांतला एखादा चुकला तर वाचणाऱ्याच्या लक्षात येतो. जुन्या नोंदींचा प्रश्न मात्र याने सुटत नाही. एखाद्या रकान्यात वर्षानुवर्षे नुसते IST लिहिलेले असेल, तर नोंद कोणत्या कार्यालयातून आली हे कळल्याशिवाय तिचे रूपांतर करू नये, आणि केल्यास मूळ मजकूर शेजारच्या रकान्यात तसाच जपून ठेवावा.