काका कुटुंबात बसतात का?

नमस्कार श्रोतेहो. मे महिना आला की जळगाव-धुळ्याचा पारा पंचेचाळीसकडे धावतो आणि ज्याला जमतं तो सिंगापूर-मलेशियाची तिकिटं काढतो. व्हिसाच्या कागदांबरोबर प्रवास विम्याची पॉलिसीही येते. पहिल्या पानावर ठळक अक्षरात पन्नास हजार डॉलर लिहिलेलं असतं. ते वाचून आपण कागद घडी करून पासपोर्टच्या पाकिटात ठेवतो. आज मी तुम्हाला त्या पानाच्या मागे न्यायचं म्हणतोय, कारण पैसे मिळणार की नाही ते मागच्या पानांवर ठरतं. त्यातही ‘व्याख्या’ नावाचं कंटाळवाणं पान असतं, तिथून सुरुवात करा.

पारोळ्याकडचे एक जिनिंगवाले आहेत. आपण त्यांना आप्पा म्हणू. कापसाचा हंगाम संपला, जिन बंद झाली, तेव्हा आप्पा आणि वहिनींनी सहलीचे दोन लाख चाळीस हजार भरले. विमाही घेतला. निघायला चार दिवस राहिले आणि आप्पांच्या काकांना पहाटे झटका आला. दुपारपर्यंत सगळं संपलं. आप्पा तीन वर्षांचे असताना वडील गेले होते. शाळेच्या दाखल्यापासून लग्नाच्या पत्रिकेपर्यंत सगळीकडे काकाच उभे होते. अग्नी आप्पांनीच दिला. सहल अर्थातच रद्द.

टूरवाल्याच्या अटीप्रमाणे शेवटच्या आठवड्यात परतावा शून्य. विमान कंपनीने तिकिटातले काही कर तेवढे परत केले, बावीस हजार. म्हणजे दोन लाख अठरा हजार बुडाले. पॉलिसीत ‘सहल रद्द’ या सदराखाली माणशी हजार डॉलरचं संरक्षण होतं. आप्पांनी मृत्यूचा दाखला, टूरवाल्याची पावती, विमान कंपनीचं पत्र, सगळं जोडून दावा पाठवला. महिन्याभरात उत्तर आलं: दावा नामंजूर.

आप्पा ते पत्र घेऊन माझ्याकडे आले. ओट्यावर बसले, चहाला हात लावला नाही. म्हणाले, “मना काका म्हंजे मना बापच शे!” मी पॉलिसी उघडली. व्याख्येच्या पानावर ‘जवळचे कुटुंबीय’ म्हणजे कोण, ते मोजून दिलं होतं: पती किंवा पत्नी, मुलं, आईवडील, सासूसासरे, सख्खी भावंडं. काका नाही, काकू नाही, आजोबाही नाहीत. सासरे गेले असते तर दावा मंजूर झाला असता. ज्यांनी वाढवलं त्यांच्यासाठी नाही. कायदेशीर दत्तकविधान झालं असतं तर भांडायला जागा होती. पण आपल्याकडे पुतण्याला सांभाळायला कोण कोर्टात जातं? (या व्याख्या लिहिणाऱ्यांना एकदा अक्षय्यतृतीयेला आपल्याकडच्या एखाद्या वाड्यात पंगतीला बसवलं पाहिजे, म्हणजे कुटुंब किती लांब असतं ते कळेल. असो.)

ही यादी प्रत्येक कंपनीची थोडी वेगळी असते, काहींच्या यादीत आजी-आजोबा असतात. म्हणून विमा घेण्यापूर्वी वाचा. पुन्हा सांगतो, घेण्यापूर्वी. आणि यादीतलाच माणूस असला, तरी पॉलिसी घेताना तो दवाखान्यात दाखल असेल, तर त्या आजाराचं कारण सहसा चालत नाही. म्हणून सहलीचे पैसे भरता त्याच आठवड्यात विमा घ्या, निघायच्या आदल्या दिवशी नको. शिवाय कंपनी सहलीची पूर्ण रक्कम देत नाही. जे परत मिळालं ते वजा, उरलेलं मर्यादेपर्यंत.

आता ते पन्नास हजार डॉलर. साठी ओलांडलेल्यांच्या कित्येक पॉलिसींमध्ये आत दुसरा तक्ता असतो: खोलीभाडं दिवसाला इतकं, शस्त्रक्रिया इतकी. बिल मोठं असलं तरी त्या त्या रकान्याच्या पुढे पैसे मिळत नाहीत. ‘डिडक्टिबल’ म्हणजे सुरुवातीचे, बहुधा शंभर डॉलर, आपल्या खिशातले. बीपी-शुगरची गोळी चालू असेल तर अर्जात लिहा. जुन्या दुखण्यावर बहुतेक पॉलिसी जीव धोक्यात असेल तेवढ्यापुरताच खर्च देतात, आणि लपवलं तर तेवढाही अडतो. दाखल होण्याआधी, नाही जमलं तर लगेच नंतर, पॉलिसीवरच्या मदत क्रमांकाला फोन करा.

राहिले वगळलेले प्रकार. पॅराग्लायडिंग, स्कूबा, बंजी हे बहुतेक ठिकाणी वगळलेले असतात, वेगळा हप्ता भरला तरच मिळतात. दारू पिऊन झालेला अपघातही वगळलेला. आणि थायलंडला गेलेली आपली पोरं हमखास करतात ती गोष्ट म्हणजे भाड्याची स्कूटर. योग्य परवाना नसताना चालवली आणि पडलात, तर दवाखान्याचं बिल अडकतं. आंतरराष्ट्रीय परवाना इथल्या आरटीओत मिळतो, एक वर्ष चालतो. पण तुमच्या लायसन्सवर फक्त चारचाकी असेल, तर त्या परवान्यावर दुचाकी येत नाही. जाण्यापूर्वी लायसन्स काढून एवढं बघून घ्या. नमस्कार.