न्हावा शेव्यात अडकलेली मशीन

श्रोतेहो, नमस्कार. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या कारखान्यांत परदेशातून जुनी सीएनसी मशीन आणणारे बरेच जण आहेत. कंटेनर न्हावा शेव्याला उतरतो, बिल ऑफ एंट्री म्हणजे आयात मालाची नोंद कस्टमकडे भरली जाते आणि कस्टमची क्वेरी, म्हणजे शंकेची विचारणा येते. मालक एजंटला फोन करत राहतात. एजंटला पहिला प्रश्न विचारा, "क्वेरीत नेमकं काय लिहिलंय?" तो मजकूर स्वतः वाचा.

जुन्या मशीनच्या बाबतीत बहुतेक वेळा चार्टर्ड इंजिनिअरचा दाखला नसतो. मशीन कोणत्या साली बनली, नवी असताना किंमत काय होती, आज स्थिती कशी आहे, अजून किती वर्षं चालेल, हे त्यात लागतं. विक्रेत्याच्या बिलावर नुसतं 'युज्ड लेथ' लिहिलेलं असेल, तर किंमत कशावर ठरवायची? मग बंदरातच कस्टमच्या यादीवरच्या इंजिनिअरकडून तपासणी होते. तोवर बंदराचं भाडं आणि कंटेनर अडकवल्याचे शिपिंग लाइनचे पैसे वेगवेगळे चढत जातात. म्हणून मशीन तिकडून निघण्याआधीच दाखला करून घ्यावा आणि त्यातला सिरीयल नंबर मशीनच्या पाटीशी जुळवून बघावा.

दुसरा कागद म्हणजे जहाजाच्या भाड्याची आणि विम्याची पावती. साधा आहे, पण नसला तर महाग पडतो. समजा, मशीनची एफओबी किंमत, म्हणजे तिकडे जहाजावर चढवेपर्यंतची किंमत, 20 लाख रुपये. जहाजाचं भाडं 1 लाख 20 हजार आणि विमा 8 हजार. या दोन्हींची कागदपत्रं दिली, तर मूल्य 21 लाख 28 हजार धरलं जातं. ती नसली आणि खर्च कळत नसला, तर नियमानुसार भाडं एफओबीच्या 20 टक्के म्हणजे 4 लाख, आणि विमा 1.125 टक्के म्हणजे 22,500 रुपये धरतात. मूल्य 24 लाख 22 हजार 500 होतं. जवळपास 3 लाखांवर फुकट ड्युटी बसते. त्यातल्या आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, बेसिक ड्युटीचं मिळत नाही. एका पावतीपायी एवढं नुकसान सोसावं लागतं, याचं मला फार वाईट वाटतं.

मशीन लाकडी पेटीत असेल, तर लाकडावर प्रक्रिया केल्याचा शिक्काही तपासतात. पेटीचा फोटो आधीच मागवून तो शिक्का बघून घ्या.

कागद यायला वेळ लागणार असेल, तर हातावर हात ठेवून बसू नका. कस्टम कायद्याच्या कलम 49 खाली माल सरकारी परवान्याच्या गोदामात ठेवण्याची परवानगी मागता येते. कंटेनर रिकामा करून परत दिला, की निदान शिपिंग लाइनचं मीटर थांबतं. गोदामाचं भाडं मात्र भरावं लागतं. केवळ मूल्य ठरवणारा कागद राहिला असेल, तर कलम 18 खाली बॉण्ड आणि हमी देऊन तात्पुरत्या आकारणीवर मशीन सोडवून घेण्याचा अर्ज करता येतो. हे अर्ज लवकर करा. माल उतरल्यापासून 30 दिवसांत सुटला नाही, तर नोटीस देऊन कस्टमच्या परवानगीनं तो विकता येतो, असं कलम 48 सांगतं.