बेचाळीस हजारांची भिंत

(म्हापसा येथे एका वाचनालयात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

शेअर बाजारात काय घ्यावं, काय विकावं हे मी आज सांगणार नाही. मोबाइलवर एखादा शेअर उघडला की खाली ‘डेप्थ’ नावाची खिडकी दिसते, तिच्याबद्दलच बोलायचं आहे. डावीकडे घेणाऱ्यांच्या पाच किमती, उजवीकडे विकणाऱ्यांच्या पाच. प्रत्येक किमतीपुढे दोन आकडे असतात: ऑर्डरी किती, आणि शेअर किती. बहुतेकांची नजर फक्त शेअरांच्या आकड्यावर जाते. मधेच कुठेतरी मोठा आकडा उभा दिसला की ‘इथे भिंत आहे, भाव याच्याखाली जाणार नाही’ असं म्हणून लोक खरेदी करून मोकळे होतात.

आपल्याकडे देवळात किंवा गणपतीपुढच्या फळांची पावणी, म्हणजे लिलाव, होतो. कुणी पाच हजारांची बोली लावली आणि वर कुणी गेलं नाही, तर तो नारळ त्याचा. सगळा वाडा बघत असतो, मागे फिरायची सोय नाही. ऑर्डर बुकात, म्हणजे डेप्थमध्ये दिसणाऱ्या या यादीत, बोली लावणारा कोण ते दिसत नाही, आणि समोरून कुणी माल देईपर्यंत ती बोली तो कधीही काढून घेऊ शकतो. काढायला दंड नाही, ब्रोकरेजही नाही. म्हणून डेप्थमधला आकडा म्हणजे झालेला व्यवहार नव्हे, नुसता सांगितलेला इरादा. सगळी फसवाफसवी या फरकातून जन्मते.

एक उदाहरण घेऊ. आकडे माझेच आहेत, समजण्यापुरते. एका शेअरचा भाव ४१२ रुपयांच्या आसपास आहे, भाव पाच-पाच पैशांच्या पायरीने हलतो. घेणाऱ्यांच्या बाजूला ४११.९५ ला ४२० शेअर आहेत, सहा ऑर्डरी. ४११.९० ला ६५०, नऊ ऑर्डरी. ४११.८५ ला ५१०, सात ऑर्डरी. आणि ४११.८० ला एकदम ४२,००० शेअर, ऑर्डरी मात्र दोन. विकणाऱ्यांच्या बाजूला ४१२.१० ला ३८०, ४१२.१५ ला ६०० आणि ४१२.२० ला ३,४००.

या ३,४०० मधले ३,००० शेअर त्याच माणसाचे आहेत, ज्याने खाली ४२,००० ची भिंत उभी केली. त्याने ते थोड्या वेळापूर्वी ४११.६० ला घेतले होते. त्याला घ्यायचं काहीच नाही, विकायचं आहे. भिंत बघून बाकीच्यांना वाटतं, कुणीतरी मोठा माणूस खरेदीला उभा आहे, आता भाव वर जाणार. मग ते खाली रांगेत न थांबता वरच्या किमती उचलायला लागतात. साधारण ४,४०० शेअर उचलले गेले की त्याचे ३,००० विकले गेलेच. पुढच्याच क्षणी ४२,००० ची ऑर्डर रद्द होते आणि भाव पुन्हा ४११.९५ कडे घसरतो. शेअरमागे साठ पैसे, म्हणजे १,८०० रुपये. कर आणि खर्च वजा जाता हजार-तेराशे हातात. एवढ्याशा रकमेसाठी ही खटपट कोण करील, असं वाटेल. पण तो हे एकदाच करत नाही. शिवाय भिंत उलट्या बाजूला लावली की तोच खेळ खरेदीसाठीही चालतो.

आता त्याची भीती कशाची, ते बघा, कारण ओळखायची खूण त्या भीतीतच आहे. त्या भिंतीची किंमत सुमारे १ कोटी ७३ लाख होते. खरंच कुणी त्याला तेवढा माल दिला तर तो अडकेल. भिंतीच्या पुढे पहिल्या तीन किमतींवर मिळून फक्त १,५८० शेअरचं संरक्षण आहे. कुणी बाजारभावाने ५,००० शेअर विकायला काढले, तर पहिले १,५८० पुढच्यांना जातील आणि उरलेले ३,४२० थेट भिंतीवर येऊन आदळतील. म्हणून खोटी भिंत सहसा पहिल्या किमतीवर नसते. ती दोन-चार पायऱ्या मागे असते, दिसेल इतकी जवळ आणि माल गळ्यात पडणार नाही इतकी लांब.

यावरून पहिली परीक्षा अशी: भाव भिंतीकडे सरकू लागला की तिचं काय होतं ते बघा. ४११.९५ आणि ४११.९० संपले, ४११.८५ चे ५१० उरले, आणि तेवढ्यात ४११.८० ची भिंत गायब होऊन ४११.६५ ला तेवढाच आकडा उभा राहिला, तर समजून जा. खऱ्या खरेदीदाराला भाव जवळ आल्याचा आनंद व्हायला हवा, तो पळेल कशाला?

याच्या मागे रांगेचा नियम आहे. एक्सचेंजवर आधी किंमत बघतात आणि किंमत सारखी असेल तर वेळ बघतात. जो आधी आला त्याला आधी माल. ऑर्डरची किंमत बदलली किंवा संख्या वाढवली की रांगेतली जागा जाते. खरा खरेदीदार ही जागा जपतो. खोट्याला रांगेत शेवटीच राहायचं असतं, त्यामुळे तो ऑर्डर सतत बदलत राहतो. लंडनच्या हौन्स्लो भागात आईवडिलांच्या घरून व्यवहार करणारा नविंदर सिंग साराव हेच करत होता. अमेरिकेतल्या ई-मिनी फ्युचर्समध्ये, म्हणजे तिथल्या शेअर निर्देशांकावरच्या वायद्यांमध्ये, तो भावापासून काही पायऱ्या दूर विक्रीच्या मोठ्या ऑर्डरींचे थर लावायचा आणि भाव हलला की ते थरही हलवायचा. त्याच किमतीवर दुसऱ्या कुणाची ऑर्डर आली की आपली आपोआप तिच्या मागे जावी, अशीही सोय त्याने प्रोग्रॅममध्ये मागितली होती. ६ मे २०१० च्या अमेरिकी बाजारातल्या त्या प्रसिद्ध पडझडीच्या दिवशीही त्याचे थर लागलेले होते. पडझडीला तो एकटा कारणीभूत होता का, यावर जाणकारांत मतभेद आहेत, आणि मला तरी सगळा दोष त्याच्या माथी मारणं पटत नाही. स्पूफिंगचा, म्हणजे अशा खोट्या ऑर्डरी लावण्याचा, गुन्हा मात्र त्याने २०१६ मध्ये कबूल केला.

आपल्याकडेही हे घडतं. एप्रिल २०२५ मध्ये सेबीने एका ब्रोकर कंपनीविरुद्ध अंतरिम आदेश काढला. त्यात १७३ शेअरांमधल्या ६२१ घटनांचा उल्लेख होता आणि ३ कोटी २२ लाखांचा नफा गोठवण्यात आला. भागाकार केला तर एका घटनेमागे बावन्न हजारांच्या आसपास पडतात. थोडं थोडं, पण पुन्हा पुन्हा.

दुसरी परीक्षा मला सगळ्यात भरवशाची वाटते, कारण ती सरळ हिशेबाची आहे. त्याच स्क्रीनवर दिवसाचा एकूण व्हॉल्यूम, म्हणजे किती शेअरांचे व्यवहार झाले तो आकडा, चालू असतो. भिंतीचा आकडा कमी झाला तर व्हॉल्यूम किती वाढला ते बघा. ४२,००० चे ३९,००० झाले, व्हॉल्यूम तेवढ्यात सुमारे ३,००० ने वाढला आणि शेवटचा भाव ४११.८० दिसतो, तर निदान तेवढा माल कुणीतरी खरोखर घेतला. ४२,००० चे ९,००० झाले आणि व्हॉल्यूम जेमतेम १,२०० वाढला, तर उरलेले जवळपास बत्तीस हजार विकत घेतले गेलेच नाहीत, रद्द झाले.

ऑर्डरींच्या संख्येकडेही बघा. ४२,००० शेअर दोनशे ऑर्डरींतून आले असतील तर दोनशे जणांनी एकदम पळ काढणं कठीण. भाव चारशेसारख्या गोल आकड्यावर आला की अशी खरी गर्दी पुष्कळदा दिसते. दोनच ऑर्डरी असतील तर एका बोटाचा खेळ. अर्थात हुशार माणूस ऑर्डरीचे तुकडे करू शकतो, म्हणून ही परीक्षा एकटीने पुरेशी नाही.

बुक उलट्या बाजूनेही खोटं असू शकतं, आणि त्यात बेकायदा काही नाही. एनएसईवर मोठी ऑर्डर टाकताना तिचा काहीच भाग दाखवायची मुभा असते. किमान दहा टक्के दाखवावा लागतो. म्हणजे तुम्हाला ५०० दिसतात, पण पूर्ण ऑर्डर ५,००० ची असू शकते. ओळखायचं कसं? ४१२.२० ला ५०० विक्रीला दिसतात, त्या भावाला दोन हजार शेअरांचे व्यवहार होऊन गेले, तरी पुन्हा ५०० तिथेच. माझा अनुभव विचाराल तर दिसणाऱ्या मोठ्या भिंतीपेक्षा न संपणारा असा लहान आकडा मी जास्त गंभीरपणे घेतो. खरा मोठा माणूस आपली गरज जगाला दाखवत फिरत नाही.

इथे एक सावधगिरी हवी. ऑर्डर रद्द होणं म्हणजे फसवणूक नव्हे. दोन्ही बाजूंना भाव लावून ठेवणारे व्यावसायिक बाजार हलला की आपल्या ऑर्डरी बदलतात, तो त्यांच्या धंद्याचा भाग आहे. खरेदी आणि विक्रीमागे एकच माणूस आहे हे एक्सचेंजला क्लायंट कोडवरून कळतं, आपल्याला नाही. शिवाय आपल्या मोबाइलवर येतं ते ठरावीक अंतराने टिपलेलं चित्र; दोन चित्रांच्या मधे उभी राहून पडलेली भिंत आपल्याला दिसतच नाही. म्हणून घरी बसून आपण ‘हा स्पूफर आहे’ असं सिद्ध करू शकत नाही. ‘या आकड्यावर मी पैसे लावणार नाही’ एवढंच ठरवता येतं, आणि तेवढं पुरतं.

(श्रोत्यांपैकी एका काकांनी विचारलं: खाली एकूण खरेदी आणि एकूण विक्री असे दोन आकडे येतात. खरेदी दुप्पट असेल तर भाव वाढणार ना?)

नाही काका. त्या बेरजेत भावापासून आठ-आठ टक्के खाली लावून ठेवलेल्या ऑर्डरीही धरलेल्या असतात. ‘पडलाच तर घेऊ’ म्हणून टाकलेली ऑर्डर आजच्या भावाला काय आधार देणार? बघायचंच असेल तर पहिल्या पाच किमतींचं बघा.

(दुसरा प्रश्न: स्टॉपलॉस भिंतीच्या लगेच खाली ठेवला तर?)

स्टॉपलॉस, म्हणजे भाव ठरावीक पातळीखाली गेला की आपोआप विकायची ऑर्डर, त्या भिंतीवर विसंबून ठेवू नका. भिंत उठली की तिच्या आधाराने थांबलेले सगळे एकदम विकायला निघतात आणि खाली बुक विरळ असतं. आमच्या उदाहरणात ४११.७५ ला ७०० च शेअर असतील, तर दोन हजार शेअरांचा स्टॉपलॉस त्याच्या बराच खाली जाऊन भरेल. भिंत नसती तर स्टॉपलॉस कुठे ठेवला असता, तिथे ठेवा.

(एका तरुणाने विचारलं: अप्पर सर्किटला लागलेल्या छोट्या शेअरमध्ये पाच लाख खरेदीदार दिसतात. ते तरी खरे असतील?)

अप्पर सर्किट म्हणजे त्या दिवशी भाव ज्याच्या वर जाऊ शकत नाही ती मर्यादा. तिथे तर आणखी जपून. विकणारा कोणीच नसेल तर पाच लाख शेअरांची बोली लावणाऱ्याच्या गळ्यात काही पडत नाही, त्यामुळे तिथे मोठी ऑर्डर दाखवणं सगळ्यात स्वस्त. मोठा विक्रेता आला की ती रांग किती मिनिटं टिकते ते बघा. पाच लाखांचे साठ हजार झाले आणि त्या वेळात व्हॉल्यूम वीस हजारच वाढला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही विकायला जाल तेव्हा ते चार लाख वीस हजार शेअरांचे खरेदीदार तिथे नसतील, असंच धरून चाला.