ज्याची घाई, तोच खोळंबला

(इंदूरमध्ये मराठी श्रोत्यांपुढे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

मंडळी, रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे फार वेगवान सिस्टिम, हा समज आधी बाजूला ठेवू. आपल्या पीथमपूरच्या नॅट्रॅक्स ट्रॅकवर ताशी 100 किलोमीटरने धावणारी गाडी सेकंदाला जवळपास 28 मीटर कापते. ब्रेकच्या कंट्रोलरला 50 मिलिसेकंद उशीर झाला, तर गाडी सुमारे 1.4 मीटर पुढे गेलेली असते. तो कंट्रोलर हजारात 999 वेळा चटकन उत्तर देतो, याचं कौतुक कुणी करणार नाही. हजाराव्या वेळी त्याला जास्तीत जास्त किती उशीर होईल, ते बोला. तुमच्या लॅपटॉपवरचं विंडोज किंवा साधं लिनक्स सरासरी काम चांगलं निघावं, सगळ्या प्रोग्रामांना वाटा मिळावा, या हिशेबानं बांधलेलं असतं. रिअल-टाइमवाले सरासरीकडे बघत नाहीत. त्यांना सर्वांत वाईट वेळेची वरची मर्यादा हवी असते.

त्यासाठी प्रत्येक टास्कला प्रायोरिटी देतात. वरची टास्क तयार झाली की खालची लगेच थांबवायची, नियम इतका साधा. आणि तरीही 1997 मध्ये मंगळावर घोटाळा झाला.

4 जुलैला नासाचं पाथफाइंडर उतरलं. त्यावर व्हीएक्सवर्क्स ही रिअल-टाइम सिस्टिम होती. काही दिवसांत, हवामानाची मोजमापं सुरू झाल्यावर, यानाचा संगणक मधूनच आपोआप रीसेट होऊ लागला. एकदा रीसेट झालं, की त्या दिवसाचं राहिलेलं काम दुसऱ्या दिवसावर जायचं.

आत काय चाललं होतं ते नीट बघू. यानातल्या उपकरणांना जोडणाऱ्या बसचं चक्र सेकंदाला आठ वेळा फिरायचं, म्हणजे दर 125 मिलिसेकंदांनी. `bc_dist` ही वरच्या प्रायोरिटीची टास्क बसवरून आलेला डेटा वाटून द्यायची. पुढचं चक्र लावणारी `bc_sched` आधी विचारायची, मागचं वाटप पुरं झालं का? झालं नसेल तर काहीतरी गंभीर बिघडलं असं धरून रीसेट. हवामानाची टास्क मात्र खालच्या प्रायोरिटीची होती. ही टास्क आणि `bc_dist` यांना डेटा एकमेकींकडे देताना एका वेळी एकीलाच घेता येणारं एकच कुलूप, म्हणजे म्युटेक्स, वापरावं लागे.

आकडे मी समजावण्यापुरते धरतो. हवामानाच्या टास्कनं कुलूप घेतलं, तिला 2 मिलिसेकंदांचं काम उरलंय. तेवढ्यात `bc_dist` जागी झाली आणि कुलपापाशी थांबली. 2 मिलिसेकंद थांबायला हरकत नाही. पण तेवढ्यात मधल्या प्रायोरिटीची, कुलपाशी काही देणंघेणं नसलेली एक टास्क उठली आणि 120 मिलिसेकंद चालली. ती हवामानाच्या टास्कपेक्षा वरची, म्हणून नियमानं तिलाच प्रोसेसर मिळाला. कुलूप सुटेना, `bc_dist` हलेना, आणि चक्र संपलं. मधलीनं वरचीला अडवलं, तेही तिच्याशी भांडण नसताना. याला प्रायोरिटी इन्व्हर्जन म्हणतात. यात प्रत्येक टास्क नियमानंच वागली, म्हणून कोडच्या एखाद्या ओळीवर बोट ठेवता येत नाही.

उड्डाणाआधीच्या चाचण्यांतही असे रीसेट दिसले होते, पण ते हुकमी घडवून आणता आले नव्हते. मंगळावरून अपेक्षेपेक्षा जास्त वेगानं डेटा पाठवता आला, काम वाढलं, आणि दुर्मीळ योग वारंवार जुळू लागला. नासाच्या जेपीएल या प्रयोगशाळेतल्या लोकांनी पृथ्वीवरच्या जुळ्या यंत्रणेवर, टास्कांच्या हालचालींची नोंद चालू ठेवून, तो पुन्हा घडवला. नोंद वाचल्यावर कारण उघड झालं.

उपाय होता प्रायोरिटी इनहेरिटन्स. कुलपासाठी वरची टास्क थांबली, की कुलूप धरणाऱ्या टास्कला तेवढ्यापुरती वरची प्रायोरिटी उसनी द्यायची. मग मधलीला घुसता येत नाही, 2 मिलिसेकंदांत कुलूप सुटतं आणि उसनी प्रायोरिटी परत जाते. व्हीएक्सवर्क्समध्ये ही सोय होतीच, या कुलपासाठी ती बंद होती. पृथ्वीवरून पॅच पाठवून चालू केली. आज तुमच्या सी प्रोग्राममध्ये त्यासाठीची मुख्य ओळ एवढीच:

```c
pthread_mutexattr_setprotocol(&attr, PTHREAD_PRIO_INHERIT);
```

ही ओळ `pthread_mutexattr_init` नंतर आणि म्युटेक्स तयार करण्याआधी हवी, आणि म्युटेक्स तयार करताना हाच `attr` द्यायला हवा. मात्र कुलपाच्या आत तुम्ही 40 मिलिसेकंद रेंगाळलात, तर वरची टास्क 40 मिलिसेकंद थांबेलच. इनहेरिटन्स त्या कामाला छोटं करत नाही.

(इथे एका विद्यार्थ्यानं विचारलं, "सर, हवामानाच्या टास्कलाच कायमची वरची प्रायोरिटी दिली असती तर?")

मग ती कुलूप नसतानाही `bc_dist`ला मागे सारेल, आणि तिचं लांबलचक मोजमापही 125 मिलिसेकंदांतच बसवावं लागेल. तिची घाई फक्त कुलूप हातात असताना आहे. जेवढा वेळ घाई, तेवढ्याच वेळेपुरती प्रायोरिटी.