टक्के लिहिलेत, पण कितीपैकी?

नमस्कार मंडळी. आंब्याचा सीझन आटोपला की बागायतदारांच्या सभा सुरू होतात, बचतगटांचे आढावे होतात, कर्जासाठी बँकेपुढे स्लाइड लावाव्या लागतात. मग कमेंटमध्ये एकच प्रश्न फिरून फिरून येतो: टक्के दाखवू, आकडे दाखवू, की दोन्ही? आणि पॉइंटनंतर किती घरं ठेवू?

सोपं ते आधी उरकतो. वाटा सांगायचा असेल तर टक्के. आवाका सांगायचा असेल, म्हणजे किती पेट्या, किती मजूर, किती गाड्या, तर आकडा. हे तुम्हाला माहीत आहेच. अडतं ते त्याच्या पुढे, म्हणून आज जवळजवळ सगळा वेळ एकाच शब्दावर घालवणार आहे: ‘पैकी’.

[स्क्रीनवर: तीन उभ्या पट्ट्या. बाग अ १२.५०%, बाग ब ७.५०%, बाग क ९.१७%]

समजा ही हापूसमधल्या साक्याची स्लाइड आहे. साका बाहेरून दिसत नाही, फळ कापल्यावरच कळतो. त्यामुळे नमुन्याला काही फळं कापायची आणि मोजायची. स्लाइड बघून सभेतला कोणीही म्हणेल, ‘अ’ बागेत सगळ्यात जास्त साका आहे, तिथलं बघायला हवं.

आता मागची वही उघडू. ‘अ’ बागेत कापली ८ फळं, साका निघाला १ मध्ये. ‘ब’ मध्ये ४० पैकी ३. ‘क’ मध्ये २४० पैकी २२.

‘अ’ ची पट्टी सगळ्यात उंच आहे ती एका फळामुळे. ते एक फळ टोपलीतून उचललं गेलं नसतं तर तीच पट्टी शून्यावर असती. आणखी एक खराब फळ हाताला लागलं असतं तर २५ टक्क्यांवर गेली असती. मधलं काही शक्यच नव्हतं: शून्य, साडेबारा, पंचवीस. अशा मापाने ‘९ टक्के जास्त की १२ टक्के जास्त’ हे ठरवताच येत नाही.

इथे एक सोपा हिशेब करा. शंभराला एकूण मोजणीने भागा. येईल ती तुमच्या टक्केवारीची एक पायरी, म्हणजे एक फळ इकडचं तिकडे झालं तर टक्के कितीने हलतात ते. ‘अ’ ची पायरी साडेबारा टक्क्यांची, ‘ब’ ची अडीच, ‘क’ ची साधारण ०.४. पायरी अडीचची असताना पॉइंटनंतर दोन घरं लिहिणं म्हणजे नारळ मोजायच्या काट्यावर केशर तोलणं.

बरं, ‘क’ ची पायरी ०.४ आहे, मग तिथे ९.१७ लिहू का? तरीही नको. २४० फळं हा नमुना आहे. त्याच बागेतली दुसरी २४० कापली असती तर २२ च निघाली असती असं नाही. एवढ्या नमुन्यावरून बागेतला खरा साका ढोबळमानाने ६ ते १३ टक्के यांत कुठेही असू शकतो. नऊच्या आकड्याचीच खात्री इतकी सैल असताना पॉइंटनंतरचं १७ बिनकामाचं आहे. ‘९ टक्के’ लिहा. आणि ‘अ’ चा असाच अंदाज काढला तर तो एका टक्क्याच्याही खालून ५० टक्क्यांच्या वरपर्यंत पसरतो. म्हणजे ‘अ’ बागेबद्दल आपल्याला अजून काहीच कळलेलं नाही, आणि स्लाइडवर सगळ्यात उंच पट्टी तिचीच आहे. हे मला फार खटकतं, कारण त्या पट्टीच्या जोरावर कोणाच्या तरी मालाचा दर पाडला जातो.

माझा नियम असा. एकूण मोजणी ३० च्या आत असेल तर टक्के लिहायचेच नाहीत, ‘८ पैकी १’ लिहायचं. ३० पासून काही शेपर्यंत दोन्ही लिहायचं, टक्के पूर्णांकात: ‘४० पैकी ३ (८%)’. मोजणी हजारांत गेली की पॉइंटनंतर एक घर चालेल, तेही त्या घरावाचून फरक दिसत नसेल तर. तीसचा आकडा दगडावरची रेघ नाही, कोणी २० धरतं, कोणी ५०. पण एक रेघ ठरवा आणि पूर्ण सादरीकरणात तीच ठेवा.

याच ‘पैकी’कडे आता दुसऱ्या बाजूने बघू. ‘तिन्ही बागांचा मिळून साका किती?’ असं सभेत हमखास विचारतात. मग स्लाइड करणारा तीन टक्के मिळवतो आणि तीनने भागतो. १२.५, ७.५ आणि ९.१७ यांची सरासरी येते ९.७. खरं उत्तर काढायचं तर फळं मिळवा: १ आणि ३ आणि २२, झाली २६. कापलेली एकूण २८८. म्हणजे ९ टक्के. फरक पाऊण टक्क्याचा दिसतो, पण चूक मोठी आहे: त्या सरासरीत आठ फळांना आणि दोनशे चाळीस फळांना सारखाच मान मिळाला. टक्क्यांची बेरीज, सरासरी काही करायचं असेल तर आधी मूळ आकड्यांवर परत जा. म्हणूनच स्लाइडवर ‘पैकी’ हवं. ते असलं की बघणाराही हिशेब पडताळू शकतो.

तिसरी बाजू सगळ्यात फसवी. मोजणी भरपूर आहे, टक्के बरोबर आहेत, पण पैकी कशाचे? समजा ५ डझनाच्या ५० पेट्या गेल्या, म्हणजे ३००० फळं. गिऱ्हाइकांनी कापली तेव्हा ६० फळांत साका निघाला, आणि ती फळं ३० पेट्यांत विखुरलेली होती. विकणारा म्हणतो साका २ टक्के. घेणारा म्हणतो ६० टक्के पेट्या खराब. दोघंही खरं बोलतात. एक फळांपैकी बोलतो, दुसरा पेट्यांपैकी. ही बाचाबाची बाजारात रोज होते आणि तिचं मूळ स्लाइडवर एक शब्द न लिहिण्यात असतं. नुसतं ‘साका २%’ लिहू नका. ‘३००० फळांपैकी ६० (२%), ५० पेट्यांपैकी ३०’ असं लिहा. ओळ लांब होते, होऊ दे.

एका ताईंनी विचारलं होतं, साका ८ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर गेला तर ‘४ टक्के वाढ’ की ‘५० टक्के वाढ’? दोन्ही लिहू नका. ‘८ वरून १२ टक्के’ एवढंच लिहा. ऐकणाऱ्याला काहीच ओळखत बसावं लागत नाही.

आता पूर्णांक करण्याकडे येऊ. इथे एकच गोष्ट सांगायची आहे, पण तिच्यामुळे निष्कर्ष उलटा होतो. आपल्याच दोन जिल्ह्यांची जनगणना घेऊ. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग दोघांचीही लोकसंख्या घटली.

[स्क्रीनवर: रत्नागिरी १६,९६,७७७ → १६,१५,०६९. सिंधुदुर्ग ८,६८,८२५ → ८,४९,६५१]

एवढे अंक स्लाइडवर कोणी वाचत नाही, तेव्हा पूर्ण लाखात करू. रत्नागिरी १७ वरून १६. सिंधुदुर्ग ९ वरून ८, कारण ८,४९,६५१ साडेआठ लाखांच्या किंचित खाली आहे, ते आठवर उतरतं. आता याच्यावरून घट काढा. दोन्हीकडे एकेक लाख. टक्क्यांत रत्नागिरी ६, सिंधुदुर्ग ११. म्हणजे सिंधुदुर्ग जास्त रिकामा झाला.

खरे आकडे काय सांगतात? रत्नागिरीत ८१,७०८ माणसं कमी झाली, ४.८ टक्के. सिंधुदुर्गात १९,१७४, म्हणजे २.२ टक्के. टक्क्यांत बघा नाहीतर माणसांत, जास्त घट रत्नागिरीत आहे. पूर्ण लाख करून मग वजाबाकी केली, म्हणून चित्र उलटं झालं.

तेव्हा क्रम लक्षात ठेवा: आधी मूळ आकड्यांवर पूर्ण हिशेब, आणि अगदी शेवटी, स्लाइडवर लिहिताना, पूर्णांक. किती घरं ठेवायची? ज्या दोन आकड्यांची तुलना होणार त्यांच्या फरकात किमान दोन अंक उरले पाहिजेत. १६.९७ लाख वरून १६.१५ लाख: फरक ०.८२. ८.६९ वरून ८.५०: फरक ०.१९. बघणाऱ्याने मनात वजाबाकी केली तरी बरोबर उत्तर येतं. आणि मिलियन नको, आपली माणसं लाखात विचार करतात.

एक्सेलमध्ये याची दुसरी बाजू अशी की फॉरमॅट बदलून दशांश लपवले तर सेलमधला आकडा तसाच राहतो, हिशेब बिघडत नाही. `ROUND` वापरलात तर आकडाच बदलतो आणि पुढची सगळी गणितं त्या बदललेल्या आकड्यावर चालतात. म्हणून मधल्या रकान्यांत `ROUND` घालू नका.

‘पैकी’ची ओळ हाताने टाइप करायची गरज नाही. B मध्ये साक्याची फळं, C मध्ये कापलेली एकूण फळं असतील तर शेजारच्या रकान्यात हे टाका:

```
=IF(C2<30, C2&" पैकी "&B2, C2&" पैकी "&B2&" ("&TEXT(B2/C2,"0%")&")")
```

तीसच्या खाली टक्के आपोआप गळतात. मग चार्टवरच्या लेबलांवर राइट क्लिक करा, Format Data Labels उघडा, Value From Cells वर टिक करून हा रकाना निवडा, आणि Value वरची टिक काढा. आता पट्टीवर ‘२४० पैकी २२ (९%)’ दिसेल. ‘अ’ बागेची पट्टी मात्र चार्टमधून काढून टाका आणि खाली ओळ लिहा: ‘बाग अ: ८ पैकी १, नमुना अपुरा’.

आणि ज्यावरून सर्वांत जास्त कमेंट येतात ते शेवटी. ‘माझी बेरीज ९९ येते, काय करू?’ १५० पेट्यांची प्रतवारी ६५, ४७ आणि ३८ असेल तर टक्के येतात ४३.३३, ३१.३३, २५.३३. पूर्णांक केले की ४३, ३१, २५, बेरीज ९९. तिघांनीही आपला एक तृतीयांश सोडला, मिळून एक टक्का गेला. कुठेही चूक झालेली नाही. शंभर भरायला ४३ चे ४४ करू नका, कारण ‘१५० पैकी ६५’ शेजारीच लिहिलेलं आहे आणि सभेत कोणीतरी मोबाइलवर भागून बघणारच. तळाला बारीक अक्षरांत लिहा: ‘पूर्णांक केल्यामुळे बेरीज ९९’.