मिनिटाला ७८ ठोके, पण दोन अंतरं सारखी नाहीत

(पडद्यावर मनगट. घड्याळाच्या कडेच्या बटणावर दुसऱ्या हाताचं बोट. आकडे ३० वरून खाली येतायत.)

तीस सेकंद हात हलवायचा नाही, बोलायचं नाही, बोट उचलायचं नाही. आकडा शून्यावर आला की हे स्मार्ट घड्याळ हृदयाच्या लयीचा निकाल सांगतं. आज निकालात लिहिलंय की लय अनियमित आहे, एट्रियल फिब्रिलेशनची, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची लय विस्कटल्याची, चिन्हं दिसतात. खाली सरासरी वेग दिलाय, मिनिटाला ७८.

अठ्ठ्याहत्तर हा आकडा अगदी निरोगी वाटतो, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. छातीत धडधड नाही, वेग जास्त नाही, मग बिघडलं काय? त्यासाठी निकालाची ओळ बाजूला ठेवून तिच्यामागचा आलेख उघडायला हवा. बहुतेक जण तो उघडतच नाहीत.

(जुनं छायाचित्र : खुर्चीत बसलेला माणूस, दोन्ही हात आणि डावा पाय पाण्याच्या भांड्यांत.)

हे १९००च्या दशकातलं हृदयाचं यंत्र. लायडनचे विलेम आइंटहोवेन रुग्णाचे दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्यात बुडवून हृदयातली वीज मोजत. उजव्या हातापासून डाव्या हातापर्यंतच्या मोजणीला ‘लीड एक’ म्हणतात. त्यांना १९२४ साली नोबेल मिळालं. घड्याळ हेच ‘लीड एक’ वापरतं. घड्याळाची पाठ डाव्या मनगटाला टेकलेली असते, बटणावर उजव्या हाताचं बोट असतं, आणि दोघांच्या मध्ये हृदय येतं. पाण्याची भांडी तेवढी गेली.

दवाखान्यातला ईसीजी हृदयाकडे बारा दिशांनी बघतो, घड्याळ एकाच दिशेने. त्यामुळे हार्ट अटॅक आहे की नाही हे घड्याळ सांगू शकत नाही. छातीत दुखत असताना ‘नॉर्मल’ असा निकाल पाहून घरी बसणं धोक्याचं आहे. लय मात्र एका दिशेनेही वाचता येते.

(आलेख ‘क’ पडद्यावर येतो. चौकटींचा कागद, त्यावर रेषा.)

आधी निरोगी लय पाहू. कागदावरची बारीक चौकट म्हणजे ४० मिलिसेकंद, पाच बारीक चौकटींची मोठी चौकट म्हणजे २०० मिलिसेकंद. उंच टोकदार सुळका ही ‘आर’ लहर. निलयं, म्हणजे हृदयाचे खालचे कप्पे, आकुंचन पावण्याआधी त्यांच्यात वीज पसरते, तिची ही खूण. प्रत्येक सुळक्याच्या थोडं आधी एक छोटा, गोलसर उंचवटा आहे. ती ‘पी’ लहर, वरच्या कप्प्यांची, अलिंदांची. ‘पी’ची सुरुवात आणि सुळक्याची सुरुवात यांच्यात तीन ते पाच बारीक चौकटी भरतात.

आता सुळक्यापासून सुळक्यापर्यंत मोजू. २१ बारीक चौकटी, २०, २१, २२, २१. काटेकोर सारखं नाही, आणि नसतंच. श्वास आत घेतला की ठोके किंचित जवळ येतात, सोडला की लांबतात. तरुणांमध्ये हा फरक बराच मोठा असतो आणि तो निरोगीपणाचाच भाग आहे. महत्त्वाचं हे की अंतरं हळूहळू बदलतात आणि प्रत्येक सुळक्याआधी तोच उंचवटा दिसतो.

(आलेख ‘ख’. ज्यावर घड्याळाने खूण केली तो.)

हा आपला ७८चा आलेख. मोजू या. १६ चौकटी, २३, १४, २७, १८, २०, १२, २५.

पुन्हा ऐका. सोळा, तेवीस, चौदा, सत्तावीस. पुढचा आकडा कोणता येईल ते सांगता येतं का? नाही. हीच एट्रियल फिब्रिलेशनची, थोडक्यात एएफची, पहिली ओळख. इथे नुसती अनियमितता नाही, अनियमिततेलाही नियम नाही. सगळ्यात जवळचे दोन ठोके १२ चौकटींवर आहेत, म्हणजे त्या क्षणी वेग मिनिटाला १२५. सगळ्यात लांबचे २७ चौकटींवर, म्हणजे साधारण ५६. या दोन टोकांमधल्या सगळ्या ठोक्यांची तीस सेकंदांची सरासरी ७८ येते, आणि पडद्यावर निरोगी आकडा दिसतो.

दुसरी ओळख सुळक्यांच्या आधी शोधायची. ‘पी’ लहर कुठेच नाही. कुठे रेषा सपाट आहे, कुठे बारीक थरथर, पण ‘क’ आलेखातला तो ठरावीक उंचवटा एकदाही सापडत नाही.

(हृदयाचं रेखाचित्र. वरच्या कप्प्यांत असंख्य छोटे भोवरे.)

असं का होतं? निरोगी हृदयात एकाच ठिकाणाहून, उजव्या अलिंदातल्या सायनस नोडमधून, इशारा निघतो. एएफमध्ये अलिंदांत एकाच वेळी अनेक विस्कळित लाटा फिरतात. मिनिटाला साधारण ३५० ते ६०० अशा गतीने वीज थरथरत राहते, पण आकुंचन असं होत नाही. अलिंदं नुसती वळवळतात. एक मोठी, एकसंध लाट तयारच होत नाही, म्हणून ‘पी’ लहर उमटत नाही.

ही सगळी वीज खाली उतरली असती तर निलयं कोलमडली असती. मधे एव्ही नोड नावाचं फाटक आहे, ते वाचवतं. एक इशारा आत सोडला की फाटक थोडा वेळ बंद राहतं, तेवढ्यात दारावर आणखी कितीतरी येऊन आपटतात. कुठला आत जाईल याला क्रम नसतो. म्हणून अंतरं विस्कटतात. फाटकापलीकडचा रस्ता मात्र बिनबिघाड असतो, त्यामुळे सुळके अरुंद आणि एकमेकांसारखेच दिसतात.

मनगटावरच्या नाडीतही याची एक गंमत आहे. ठोका फार लवकर आला तर निलय भरायला वेळच मिळत नाही, रक्त कमी उसळतं आणि ती उसळी मनगटापर्यंत पोचत नाही. म्हणून एएफमध्ये घड्याळाच्या हिरव्या प्रकाशाने मोजलेले ठोके आलेखावरच्या ठोक्यांपेक्षा कमी भरू शकतात. दिवसभर मागे चालणारी तपासणी या हिरव्या प्रकाशाची असते, ती रक्ताच्या उसळ्या बघते. आलेख मात्र वीज बघतो. अचानक आलेली सूचना पहिल्या तपासणीची असते आणि बोट ठेवून घेतलेला आलेख दुसरीचा. लोक या दोन गोष्टी सर्रास एकच समजतात.

(आलेख ‘ग’. घड्याळाची खूण तीच : एट्रियल फिब्रिलेशन.)

हा दुसऱ्या माणसाचा आलेख, निकाल मात्र तोच. मोजू. २१, २१, १३, २५, २१, २०, २१, १३, २५, २१.

इथेही अंतरं सारखी नाहीत, पण नीट बघा. मूळ ताल २१ चौकटींचा आहे. मधेच एक ठोका घाई करून १३वर येतो, मग किंचित लांब विसावा, आणि गाडी पुन्हा २१वर. घाई, विसावा, परत मूळ ताल. याला अलिंदातला अवेळी ठोका म्हणतात, आणि तो अगदी निरोगी माणसातही पडतो. आणखी एक पुरावा आहे. घाईच्या ठोक्याआधीची ‘टी’ लहर, म्हणजे सुळक्यानंतरचा रुंद उंचवटा, शेजारच्या ‘टी’ लहरींपेक्षा टोकदार झालीय, कारण लवकर आलेली ‘पी’ लहर तिच्यात दडलीय. बाकी सगळ्या सुळक्यांआधी ‘पी’ जागेवर आहे. हे एएफ नाही.

मग घड्याळ का फसलं? एका दिशेने बघताना ‘पी’ लहर जेमतेम एक मिलिमीटर उंच दिसते, सुळका कित्येक पट मोठा. सॉफ्टवेअरला सुळके भरवशाने सापडतात, म्हणून त्याचा भर अंतरांवर असतो. असे अवेळी ठोके वारंवार पडले की अंतरांचा हिशेब विस्कटतो आणि निकाल चुकतो.

(एक हात. कागदाची पट्टी आलेखाच्या कडेला धरलेली. पेन्सिलीने चार सुळक्यांखाली खुणा.)

हृदयरोगतज्ज्ञ यासाठी कॅलिपर, म्हणजे दोन टोकांमधलं अंतर मोजायचं साधन, वापरतात. नसेल तर कागदाची कड पुरते. लागोपाठ चार सुळक्यांच्या जागी खुणा करायच्या आणि कागद पुढे सरकवायचा. ‘क’मध्ये खुणा जवळपास जुळत जातात. ‘ग’मध्ये जुळतात, चुकतात, पुन्हा जुळतात. ‘ख’मध्ये पट्टी कुठेही नेली तरी जुळणी बसत नाही.

(आलेख ‘घ’. रेषा खडबडीत, काट्याकुट्यांची.)

हा चौथा पाहून घाबरायला होईल, कारण संपूर्ण रेषा थरथरतेय. पण सुळके बरोबर २० चौकटींवर आहेत. ही थरथर हृदयाची नाही, अधांतरी धरलेल्या दंडाच्या स्नायूंची आहे. हात टेबलावर टेकवून पुन्हा घेतला की ‘पी’ लहरी दिसू लागतात. एएफची थरथर या दिशेने बऱ्याचदा इतकी बारीक असते की रेषा सपाटच भासते. म्हणून थरथर शोधत बसण्यापेक्षा ‘पी’ आहे का आणि अंतरं कशी आहेत, हे दोनच प्रश्न विचारावेत.

घड्याळ उलट्या बाजूनेही चुकतं. एट्रियल फ्लटर नावाच्या भावंडात वेग कधीकधी १५०च्या आसपास एकदम ठरावीक असतो. अंतरं सारखी, म्हणून एएफची खूण होत नाही. वेग फार कमी किंवा फार जास्त असला तर बहुतेक घड्याळं निकालच देत नाहीत. ‘अनिर्णित’ म्हणजे ‘ठीक आहे’ नव्हे.

(दवाखान्यातली खोली. छातीवर तारा लावलेल्या.)

‘ख’ आलेखाच्या बाई दोन दिवसांनी बारा दिशांचा ईसीजी काढायला आल्या. तो नॉर्मल आला. घरच्यांना वाटलं, घड्याळ खोटं बोललं.

एएफ येतं आणि जातं. काही तासांत आपोआप थांबणारे झटके असतात. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या ॲपल हार्ट अभ्यासात ४,१९,२९७ लोक होते, त्यांतल्या २,१६१ जणांना अनियमित नाडीची सूचना आली. नंतर छातीवर ईसीजीची पट्टी लावून वाचता आलेल्या ४५० जणांपैकी ३४ टक्क्यांमध्येच एएफ सापडलं. मात्र पट्टी लावलेली असतानाच पुन्हा सूचना आली, तेव्हा त्यांतल्या ८४ टक्के सूचनांच्या वेळी पट्टीवरही एएफ होतं. म्हणजे नंतर न सापडणं हा आधी नसल्याचा पुरावा नाही.

डॉक्टरांनी बाईंच्या फोनमधला तीस सेकंदांचा आलेख छापून घेतला, कड धरून अंतरं मोजली, ‘पी’ शोधली. युरोपीय हृदयरोग संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार तीस सेकंदांचा, एका दिशेचा आलेख डॉक्टरांनी स्वतः वाचून खात्री केली तर तेवढ्यावर निदान करता येतं. सॉफ्टवेअरची ओळ पुरत नाही.

यापुढचा प्रश्न ठोक्यांचा नव्हताच. वळवळणाऱ्या अलिंदात, विशेषतः डाव्या अलिंदाच्या पिशवीसारख्या कोपऱ्यात, रक्त साचून गुठळी होऊ शकते. ती सुटून मेंदूत गेली तर पक्षाघात होतो. रक्त पातळ ठेवणारं औषध द्यायचं का, हे वय, रक्तदाब, मधुमेह, हृदयाची ताकद आणि आधी झालेला पक्षाघात यांवर ठरतं. बाईंचं वय ६८, रक्तदाबाची गोळी बारा वर्षं चालू. औषध सुरू झालं.

‘ग’ आलेखाच्या गृहस्थांना चोवीस तासांचा होल्टर, म्हणजे अंगावर बाळगायचा ईसीजी, लावला. त्यात दिवसभरात विखुरलेले अवेळी ठोके निघाले, एएफ एकदाही नाही. त्यांना औषध दिलं नाही. पुन्हा सूचना आली तर त्याच क्षणी, हात टेकवून आलेख घ्यायचा आणि जपून ठेवायचा, एवढं सांगून घरी पाठवलं.

(कागदाची पट्टी टेबलावर. तिच्या कडेला पेन्सिलीच्या चार खुणा.)